सातशे एकवीस अंडी आणि एक 'सोपी युक्ती'

"फोटोतलं कोडं बघा. टोपलीतली अंडी २-२, ३-३, ४-४, ५-५, ६-६ अशी काढली तर दर वेळी १ उरतं. ७-७ काढली तर एकही उरत नाही. अंडी किती? सोपी युक्ती: २ × ३ × ४ × ५ × ६ = ७२०. उरलेलं १ मिळवा, ७२१. सातने भागून बघा, भाग जातो! उत्तर ७२१ आणि फक्त ७२१. अशी सगळी कोडी याच युक्तीने सुटतात. चिनी शेष प्रमेय सांगतं की अशा कोड्याला उत्तर असतंच आणि ते एकच असतं. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

७२१ हे उत्तर चूक नाही. सहाही अटी ते पाळतं, करून बघा. माझं भांडण आहे ते त्याच्यामागे लावलेल्या 'फक्त'शी.

कारण ३०१ अंडीही चालतात. दोनदोन काढली तर १५० जोड्या होऊन १ उरतं. तीनतीनचे १०० गट, चारचारचे ७५, पाचपाचचे ६० आणि सहासहाचे ५०, आणि दर वेळी एक अंडं बाहेर. सातसात काढली तर बरोबर ४३ गट होतात. टोपलीत अंडी असायची तर हे उत्तर जास्त पटण्यासारखंही आहे. एक अंडं साधारण ५५ ग्रॅमचं धरलं तर ३०१ अंड्यांचं ओझं साडेसोळा किलोच्या आसपास येतं, आणि ७२१ अंड्यांचं जवळजवळ चाळीस किलो. ती टोपली उचलायला दोन माणसं लागतील.

हे ३०१ आलं कुठून, ते बघितलं की पुढचं सगळं सोपं जातं. टोपलीतून एक अंडं काढून बाजूला ठेवा. आता टोपलीत जी राहिली ती दोनदोन, तीनतीन, चारचार, पाचपाच, सहासहा अशी कशीही काढा, काहीच उरणार नाही. म्हणजे त्या संख्येला या पाचही आकड्यांनी निःशेष भाग जातो. अशी सर्वांत लहान संख्या म्हणजे त्यांचा लसावि, आणि तो आहे ६०. ७२० नव्हे. मेसेजमधल्या गुणाकारात ४ घेतल्यावर त्यातच असलेला २ पुन्हा वेगळा घेतलाय, आणि ६ मध्ये २ आणि ३ आधीच आहेत तरी तेही पुन्हा मोजलेत. म्हणून तो आकडा उगाचच बारापट फुगला.

आता बाजूला ठेवलेलं अंडं परत टोपलीत टाका. अंडी ६१ असतील, किंवा १२१, १८१, २४१, ३०१... दर वेळी साठाने वाढणारी. यातली कोणती संख्या सातच्या अटीत बसते, एवढंच बघायचं राहिलं. ६० ला ७ ने भागलं तर ४ उरतात, त्यामुळे प्रत्येक पायरीला बाकी चाराने वाढते आणि सातच्या वर गेली की त्यातून सात वजा होतात. ६१ ची बाकी ५, १२१ ची २, १८१ ची ६, २४१ ची ३ आणि ३०१ ची शून्य. पाचव्या पायरीला काम झालं. यात अंदाजाचा भाग कुठेच नाही, आणि सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत.

३०१ च्या पुढे काय? ६० आणि ७ दोन्हींच्या पटीत येणारा आकडा, म्हणजे ४२०, मिळवला की सगळ्या बाक्या जशाच्या तशा राहतात. म्हणून ३०१, ७२१, ११४१, १५६१ अशी न संपणारी रांग लागते. ७२१ त्या रांगेत दुसऱ्या नंबरवर उभं आहे. कोड्यात 'पाचशेपेक्षा कमी' किंवा 'कमीत कमी किती' असं काहीतरी लिहिलेलं हवं, तरच एका उत्तराला अर्थ आहे. फोटोत तसं काही नाही.

युक्तीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण ती मला आवडते. २ ते ६ यांचा गुणाकार करून १ मिळवलं की या पाचांपैकी कशानेही भागा, १ उरणारच. हे उघड आहे. पण त्याच संख्येला ७ ने भाग का जावा? गुणाकारात तर ७ कुठेच नव्हता. मेसेज लिहिणाऱ्याने "भागून बघा" म्हणून हात झटकले. खरं कारण असं, की ७ ही मूळ संख्या आहे. कोणतीही मूळ संख्या घ्या, १ पासून तिच्या आधीच्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार करा आणि १ मिळवा. त्या मूळ संख्येने भाग जातोच. याला विल्सनचं प्रमेय म्हणतात. ते १७७० मध्ये छापलं गेलं आणि लाग्रांजने १७७१ मध्ये सिद्ध केलं. पण त्याच्या सातशेहून अधिक वर्षं आधी इब्न अल-हैथम या अरब गणितज्ञाने नेमकं हेच कोडं, हेच २ ते ७, याच गुणाकाराने सोडवून ७२१ काढलं होतं. आणि त्याने तिथेच सांगितलं होतं की या प्रश्नाला पुष्कळ उत्तरं आहेत. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी युक्ती घेतली आणि ते वाक्य वाटेत सांडलं.

म्हणजे युक्ती चालते ती दोन गोष्टी जुळल्या तर: सगळीकडे १ उरत असेल आणि शेवटचा आकडा मूळ असेल. तेव्हाही ती सर्वांत लहान उत्तर देईल असं नाही. सातच्या जागी ११ घ्या: २ पासून १० पर्यंत कशानेही काढली तरी १ उरतं, ११ ने काहीच नाही. युक्ती ३६,२८,८०१ सांगेल, आणि त्याला अकराने भाग जातोही. पण २५,२०१ अंड्यांतही हे सगळं जमतं.

अटी जराशा बदलल्या की ती साफ कोसळते. याच कोड्याचं एक भावंड फिरत असतं: २ ने १ उरतं, ३ ने २, ४ ने ३, ५ ने ४, ६ ने ५ आणि ७ ने काहीच नाही. इथे दर वेळी गट पूर्ण व्हायला एक अंडं कमी पडतंय, तेव्हा युक्तीवाला ७२० मधून १ वजा करून ७१९ सांगणार. ७१९ ला ७ ने भागलं तर ५ उरतात. युक्ती फसली. आपल्या पद्धतीने बघा: शेजारून एक अंडं उसनं आणून टोपलीत टाकलं तर संख्या ६० च्या पटीत येते. म्हणजे अंडी ५९ किंवा ११९ किंवा १७९... ५९ ची सातने बाकी ३. ११९ म्हणजे १७ गुणिले ७. दुसऱ्याच पायरीला उत्तर.

आता ते चिनी शेष प्रमेय. नाव आलंय ते 'सुन त्झु सुआनजिंग' या जुन्या चिनी ग्रंथातल्या एका प्रश्नावरून. तिथे काही वस्तू आहेत. तीनतीन मोजल्या तर २ उरतात, पाचपाच मोजल्या तर ३, सातसात मोजल्या तर २. उत्तर २३. या प्रश्नातल्या ३, ५ आणि ७ मध्ये कोणत्याही दोघांना १ सोडून सामाईक विभाजक नाही. शाळेच्या भाषेत त्या सहमूळ आहेत. प्रमेयाची हमी आहे ती अशाच आकड्यांपुरती. तेव्हा बाक्या काहीही दिल्या तरी उत्तर निघतं, आणि १ पासून त्या आकड्यांच्या गुणाकारापर्यंत, म्हणजे इथे १०५ पर्यंत, ते एकच असतं. १०५ च्या पुढे १२८ आहे, २३३ आहे.

फोटोतल्या अंड्यांना ही हमी लागूच होत नाही. २, ४ आणि ६ एकमेकांत गुंतलेले आहेत, ३ आणि ६ सुद्धा. असे आकडे असले की अटी आपसात भांडू शकतात, आणि भांडल्या तर उत्तर नसतंच. चारने ३ उरतात म्हणजे अंडी विषम. सहाने २ उरतात म्हणजे अंडी सम. अशी टोपली जगात नाही. ओळखायची खूण सोपी आहे: कोणतेही दोन भाजक घ्या, त्यांच्या बाक्यांची वजाबाकी करा, आणि त्या फरकाला दोन्ही भाजकांच्या मसाविने भाग जातो का ते बघा. इथे फरक १ आणि ४ व ६ चा मसावि २. भाग जात नाही, म्हणजे प्रश्नच बाद. प्रत्येक जोडी या चाळणीतून पार पडली, तर उत्तर आहे आणि ते दर लसाविनंतर पुन्हा येतं.

ही चाळणी मला उपयोगी पडली ती हाच फोटो तपासताना. एका काकांनी पाठवलेला फोटो वहीच्या पानाचा होता, इंग्रजी आकड्यांत लिहिलेला, आणि पानाची घडी नेमकी उरलेल्या अंड्यांच्या रकान्यावरून गेलेली. सहाच्या ओळीतला एक मला स्पष्ट चारसारखा दिसत होता. तीनशी ताडून बघितलं: बाक्या १ आणि ४, फरक ३, मसावि ३. ठीक. पण दोनशी ताडलं तर फरक तोच ३ आणि मसावि २; भाग जात नाही. म्हणजे मी वाचलंय ते चूक, हे पान पुन्हा न बघताच कळलं. एकाच जोडीवर थांबलो असतो तर ते सुटलं असतं.

पण त्याच घडीखाली पाचची ओळही होती, आणि तिथे चाळणीचा काही उपयोग नव्हता. ५ हा आकडा बाकी सगळ्यांशी सहमूळ आहे, त्यामुळे त्याच्या बाकीचं कुणाशी भांडण होऊच शकत नाही. तिथे १ ऐवजी ४ वाचलं की उत्तर निमूटपणे ४९ येतं. ४९ ला दोन, तीन, चार आणि सहाने भागलं तर १ उरतं, पाचने ४ उरतात, सातने भाग जातो. सगळं कसं छान जुळतं, आणि टोपलीतली २५२ अंडी गायब. सातच्या ओळीतल्या शून्याचीही तीच गत. तिथे ३ वाचा, २४१ हजर.

काकांना पान सरळ करून पुन्हा फोटो काढायला सांगितलं. पाचच्या ओळीत १ च होता, सातच्या ओळीत शून्य. आणि घडीमुळे आधी न दिसलेली खालची ओळही या वेळी दिसली: 'टोपलीत ५०० पेक्षा कमी अंडी आहेत.'