हल्लेखोराची गैरसोय होऊ नये म्हणून

डेव्हलपर मित्रहो, आपण ग्राहकांची सोय पाहतो, मॅनेजरची पाहतो, ऑडिटरचीही पाहतो. रात्री दोन वाजता आपल्या सर्व्हरवर कष्ट उपसणाऱ्या हल्लेखोराचं मात्र कुणीच पाहत नाही. ही उणीव भरून काढायची प्रेरणा मला एका व्हेंडरने दिली. त्यांच्या पोर्टलच्या लिंकमध्ये एक टोकन असतो. ग्राहकाचा मोबाइल नंबर आणि पॉलिसी नंबर त्यात एईएस-सीबीसीने एन्क्रिप्ट केलेले असतात. टोकनमधला एखादा बाइट बदलून पाठवला, तर सर्व्हर कधी `Padding is invalid and cannot be removed.` म्हणतो, तर कधी `Policy not found`. मी हे कळवलं. उत्तर आलं, "सर, की लीक झालेली नाही. एईएस-२५६ आहे. लो प्रायॉरिटी." आणि पुढे एक स्मायली.

तेव्हा त्या स्मायलीला स्मरून सल्ले देतो.

सगळ्यात आधी, एरर मेसेज मोकळ्या मनाने लिहा. पॅडिंग चुकलं तर चुकलं म्हणा, पॅडिंग बरोबर पण आतला मजकूर कचरा असेल तर तसं म्हणा. सपोर्टवाल्यांना डीबगिंग सोपं जातं. आणखी कुणाला सोपं जातं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण "मेसेजमधून काय कळणार" हे वाक्य मी आता नव्याने ऐकू शकत नाही.

सीबीसीमध्ये डिक्रिप्शन असं होतं: सायफरटेक्स्टचा ब्लॉक कीने उलगडायचा आणि जे निघेल त्याचं आधीच्या सायफरटेक्स्ट ब्लॉकशी एक्सऑर करायचं. तो आधीचा ब्लॉक लिंकमध्ये उघडा असतो, म्हणजे हल्लेखोराच्या हातात असतो. मजकूर १६ बाइटांच्या पटीत बसावा म्हणून शेवटी पॅडिंग भरतात: एक बाइट कमी असेल तर `01`, दोन कमी असतील तर `02 02`, आणि असंच पुढे. हल्लेखोर हवा तो ब्लॉक शेवटी ठेवतो, त्याच्याआधी स्वतः बनवलेला ब्लॉक लावतो आणि त्या बनावट ब्लॉकच्या शेवटच्या बाइटमध्ये `00` पासून `ff` पर्यंत एकेक किंमत घालून पाठवतो. तुमचा प्रामाणिक सर्व्हर दर वेळी "पॅडिंग चूक" म्हणतो आणि एकदा अचानक "पॉलिसी सापडली नाही" म्हणतो. समजा, ते `66` ला झालं. मग उलगडलेल्या ब्लॉकचा शेवटचा बाइट `66` आणि `01` यांचं एक्सऑर, म्हणजे `67`. खऱ्या टोकनमध्ये त्या जागी `5e` होता. `67` आणि `5e` यांचं एक्सऑर `39`, आणि आस्कीमध्ये `39` म्हणजे ९ हा अंक. ग्राहकाच्या नंबरातला एक आकडा हाती आला, की न मिळवता! क्वचित योगायोगाने `02 02` जुळून फसगत होते; तेव्हा शेजारचा बाइट बदलून पुन्हा विचारायचं, `01` असेल तर उत्तर तेच राहतं.

पुढे शेवटचा बाइट `65` ठेवायचा, म्हणजे तिथे `02` निघेल, आणि त्याच्या डावीकडचा शोधायचा. ब्रीफकेसच्या नंबर लॉकचं प्रत्येक चाक जागेवर बसलं की कुणी आतून "बसलं हो!" असं ओरडावं, तसा तुमचा सर्व्हर ओरडतो. एका ब्लॉकला जास्तीत जास्त ४,०९६ विनंत्या, सरासरी त्याच्या निम्म्या. पहिल्या ब्लॉकच्या आधी लागणारा आयव्ही आणि तीन ब्लॉक एवढा टोकन असेल तर सुमारे सहा हजार. सेकंदाला पन्नास गेल्या तर दोन मिनिटं. तुमची एईएस-२५६ जागच्या जागी, अभेद्य, आणि मजकूर बाहेर. सर्ज व्हॉडने यांनी हे २००२ साली मांडलं. दोन हजार दोन! तिकीट लो प्रायॉरिटी.

दुसरा सल्ला: कॅच ब्लॉकमध्ये `e.getMessage()` थेट ग्राहकाला दाखवा. आपल्याला लपवायचंय काय?

मेसेज सारखा करायचा आग्रह कुणी धरलाच, तर अक्षरं सारखी करा आणि स्टेटस कोड वेगळे राहू द्या. याला मोठी परंपरा आहे. २०१० साली थाय डुआँग आणि जुलियानो रिझ्झो यांनी एएसपी डॉट नेटवर हाच हल्ला करून दाखवला; तिथे ५०० आणि ४०४ एवढा फरकही पुरेसा होता. पुढे `web.config` फाइलसुद्धा उतरवून घेता येत होती. मायक्रोसॉफ्टला २८ सप्टेंबरला नेहमीचं वेळापत्रक सोडून पॅच काढावा लागला.

कोड सारखा, मेसेज सारखा, पण वेळ? पॅडिंग चुकलं की लगेच परत फिरा, बरोबर असेल तर डेटाबेसला विचारून या. घड्याळ प्रत्येकाकडे असतं. टीएलएसवाल्यांनी एकच एरर ठेवला होता, पॅडिंग चुकलं तरी मॅक, म्हणजे मजकूर बदललेला नाही हे पडताळणारा शिक्का, मोजायची काळजी घेतली होती, आणि तरीही उरलेल्या बारीक फरकावर २०१३ मध्ये लकी थर्टीन हल्ला उभा राहिला. तुम्ही `sleep` मध्ये रँडम आकडा घालून निश्चिंत व्हा. हल्लेखोर तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवून सरासरी काढेल.

वरून बेस६४ दोनदा करा. दिसायला भारी दिसतं.

आणि "वाचलं तर वाचलं, बदलता तर येत नाही ना" असं मीटिंगमध्ये ठामपणे सांगा. येतं! ब्लॉक उलगडून काय निघतं हे एकदा कळलं की आधीचा ब्लॉक हवा तसा निवडून हवा तो मजकूर बनवता येतो, शेवटाकडून सुरुवातीकडे. आयव्हीही टोकनमध्येच असेल तर पहिल्या ब्लॉकसकट सगळा. दुसऱ्याचा पॉलिसी नंबर घातलेला टोकन, तुमच्याच सर्व्हरच्या मदतीने, की न पाहता.

आता पुरे झालं. की लीक झालेली नाही हे मलाही माहीत आहे. कुणी तसा आरोप केलेलाच नव्हता! तक्रार काय आहे ते न वाचता तिकीट बंद करता, वर स्मायली टाकता, आणि नंबर कुणाचे, तर ज्यांनी तुमचं नावही ऐकलेलं नाही अशा लोकांचे. मेसेज सारखे करत बसू नका, ती मलमपट्टी आहे. बदललेला टोकन डिक्रिप्शनपर्यंत पोचताच कामा नये. आयव्ही आणि सायफरटेक्स्ट दोन्हींवर मॅक लावा, वेगळ्या कीने, आणि तो आधी तपासा:

```python
iv_ct, tag = blob[:-32], blob[-32:]
want = hmac.new(mac_key, iv_ct, hashlib.sha256).digest()
if not hmac.compare_digest(tag, want):
    raise InvalidToken
plain = decrypt_cbc(enc_key, iv_ct)
```

तुलनेला `==` वापरू नका. किंवा सरळ एईएस-जीसीएम घ्या, फक्त नॉन्स, म्हणजे दर वेळी नवा लागणारा आकडा, एकाच कीखाली पुन्हा येऊ देऊ नका. त्याहून सोपं म्हणजे लिंकमध्ये नंबर घालूच नका. एक लांब रँडम आयडी द्या आणि बाकीचं डेटाबेसमध्ये ठेवा.

आणि लॉग उघडा. दोन मिनिटांत हजारो पॅडिंग एक्सेप्शन आलेले दिसले तर तो नेटवर्कचा बिघाड नाही. मग स्वतःचाच टोकन घ्या, शेवटून सतरावा बाइट २५६ किमतींवर फिरवा, आणि उत्तराचा कोड, लांबी, वेळ लिहून ठेवा. बहुतेक उत्तरं एका तऱ्हेची आणि एक-दोन वेगळी निघाली, तर ते पोर्टल आज रात्री बंद ठेवा. मॅनेजर विचारेल, तेव्हा त्याला तो तक्ता दाखवा, माझ्याकडे पाठवू नका.