एका तासाची घाई

"ग्राहक कार्टमध्ये वस्तू टाकून गेला की एका तासात पहिलं रिमाइंडर गेलंच पाहिजे. दुसरं 24 तासांनी, तिसरं 72 तासांनी सवलतीच्या कूपनसकट. जितकं लवकर, तितकी जास्त विक्री परत येते. डॅशबोर्डवरचा 'रिकव्हर्ड' आकडा बघा, पटेल."

ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांना दिला जाणारा हा सल्ला मला सरसकट पटत नाही. सुरुवात 'गेला' या शब्दापासून करू. ग्राहक गेला हे सिस्टिमला कळतच नाही. 'कार्ट सोडली' अशी कुठलीही घटना सर्व्हरकडे येत नाही. येतात त्या केलेल्या गोष्टींच्या नोंदी: वस्तू टाकली, पत्ता भरला, पान उघडलं. त्यानंतर काही वेळ काहीच आलं नाही, तर तो निघून गेला असा आपण अंदाज बांधतो. मागे मी एका दुकानाच्या साइटवर कपाट कार्टमध्ये टाकलं आणि टेप घेऊन खोलीचा कोपरा मोजायला गेलो. टेपचं एक टोक खिडकीखाली धरलेलं, दुसरं दाराच्या चौकटीला, आणि खिशात फोन वाजला: "तुम्ही काहीतरी विसरलात!" विसरलो कुठे होतो, त्याचीच तर मापं घेत होतो. ते कपाट मी दुसरीकडून घेतलं, हे ओघानं आलंच.

म्हणून घड्याळ शेवटच्या हालचालीपासून चालू झालं पाहिजे आणि प्रत्येक नव्या हालचालीला पुन्हा शून्यावर आलं पाहिजे. मला दिसलेल्या बऱ्याच मांडण्यांमध्ये ते पहिली वस्तू टाकल्यापासून धावत असतं. मग ग्राहक 50 मिनिटं साइटवर चार वस्तूंची तुलना करत बसला, तर दहा मिनिटांनी, तो अजून तिथेच असताना, त्याला संदेश जातो.

याहून मोठी चूक संदेश निघण्याच्या क्षणी होते. संदेश रांगेत टाकताना तपासणी होते, पण पाठवताना कोणी बघत नाही. मधल्या वेळात ग्राहकानं लॅपटॉपवरची कार्ट तशीच ठेवून फोनवरून ऑर्डर दिलेली असते. किंवा पैसे खात्यातून गेलेले असतात आणि बँकेकडून उत्तर यायचं असतं. पैसे कापले गेलेल्या माणसाला "खरेदी अर्धवट राहिली" असं सांगणं म्हणजे त्याला घाबरवणं. तो घाबरून पुन्हा पैसे भरतो आणि मग परताव्याचं लचांड आपल्याच गळ्यात येतं. खरं तर ही तपासणी चार ओळींची आहे, फक्त ती शेवटच्या क्षणी चालवायची असते:

```
if cart.last_activity_at > job.based_on: skip
if order_exists(customer_id, since=cart.created_at): skip
if payment.status == "pending": skip
if not in_stock(cart.items): skip
```

यातली दुसरी ओळ कार्टच्या क्रमांकावर न चालता ग्राहकाच्या ओळखीवर चालते, हे महत्त्वाचं. दोन उपकरणांवर दोन वेगळ्या कार्ट असतात, ग्राहक मात्र एकच. (अनेकवचनही मी 'कार्ट' असंच ठेवतोय. 'कार्टं' म्हटलं की घरातली पोरंच डोळ्यांपुढे येतात.)

आता डॅशबोर्डचा पुरावा. 'रिकव्हर्ड' मध्ये बहुतेक वेळा एवढंच मोजलं जातं की संदेश गेला, ग्राहकानं त्यावर क्लिक केलं आणि ठरावीक दिवसांत ऑर्डर आली. संदेश गेला नसता तरी ती ऑर्डर आली असती का, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नसतो. शिवाय संदेश जितका लवकर जाईल तितके आपणहून परत येणारे लोक त्याच्या जाळ्यात जास्त सापडतात. लवकर पाठवलेलं रिमाइंडर डॅशबोर्डवर उठून दिसतं ते बरंचसं यामुळेच.

समजायला सोपे, मनानेच घेतलेले आकडे बघू. अर्धा तास शांत राहिलेल्या 40,000 कार्ट घेतल्या आणि त्या क्षणी चिठ्ठी टाकावी तशा दोन गटांत वाटल्या. पहिल्या 20,000 ना कोणताही संदेश नाही, दुसऱ्या 20,000 ना एका तासानं संदेश. सात दिवसांत पहिल्या गटातून 2,000 ऑर्डर आल्या, दुसऱ्यातून 2,240. म्हणजे संदेशाची खरी कमाई 240. डॅशबोर्ड मात्र 940 दाखवेल, कारण आपणहून येणारच होते त्यांच्यापैकी 700 जणांनी वाटेत संदेशावर क्लिक केलं. दोन गटांत पाच-पाचशेच कार्ट असत्या, तर एवढा फरक निव्वळ योगायोगानंही पडला असता. त्यामुळे लहान दुकानानं ही तुलना आठवडाभरात उरकू नये, काही महिने चालू द्यावी.

पहिला, संदेश न गेलेला गटच वेळ ठरवायला सगळ्यात उपयोगी पडतो. त्यातले 2,000 लोक केव्हा परतले ते मांडा. समजा शेवटच्या हालचालीपासून एका तासाच्या आत 1,100 आले, चार तासांपर्यंत 1,500 झाले आणि 24 तासांपर्यंत 1,700. एका तासाला संदेश सोडला तर अजून आपणहून येणाऱ्या 900 जणांना आपण विनाकारण टोचतो. चार तासांना सोडला तर 500 जणांना. चार तासांनंतर ओघ मंदावतो, पुढच्या वीस तासांत फक्त 200 येतात. या मांडणीत मी पहिला संदेश चार तासांच्या आसपास लावून पाहीन, आणि एका तासाच्या संदेशाशी त्याची तुलना पुन्हा तशाच वेगळ्या गटांनी करीन. महागड्या, विचार करून घ्यायच्या वस्तूंमध्ये हा ओघ मंदावायला दिवस लागतात. रोजच्या वापरातल्या वस्तूंमध्ये तासाभरातच सगळं आटोपतं, आणि तिथे एक तास योग्यही ठरेल. माझा आक्षेप तो आकडा सगळ्यांना सरसकट लावण्याला आहे.

एक अपवाद मी मानतो. ग्राहकानं पत्ता भरला, पैसे भरायला गेला आणि व्यवहार फसला, तर त्याला लवकर कळवावं, अगदी काही मिनिटांत. पण त्यात "विसरलात" असं नको. पैसे भरले गेले नाहीत, कार्ट जपून ठेवली आहे, एवढं पुरे. त्याला ते हवंच असतं.

24 तासांच्या दुसऱ्या संदेशाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. रात्री अडीचला कार्ट सोडणाऱ्याला दुसऱ्या रात्री अडीचला तो जाऊ नये, ग्राहकाच्या वेळेनुसार सकाळपर्यंत थांबावा. आणि त्याच दिवशी दुसरं काही जाहिरातीचं पत्र गेलं असेल तर हा सोडून द्यावा.

लोक वैतागलेत की नाही हे मेल किती जणांनी उघडलं यावरून ठरवू नका. सप्टेंबर 2021 मध्ये ॲपलच्या मेल ॲपमध्ये आलेली गोपनीयतेची सोय चालू असली, की वाचणाऱ्यानं हात न लावताही पत्र उघडल्याची नोंद होते. सदस्यत्व रद्द करणारे आणि स्पॅम म्हणणारे किती, ते बघा. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5,000 किंवा जास्त पत्रं पाठवणाऱ्यांसाठी जीमेलनं फेब्रुवारी 2024 पासून नियम कडक केले. त्यात स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवणं आणि एका क्लिकमध्ये सदस्यत्व रद्द करू देणं आलं. ही मर्यादा ओलांडली तर नुसती रिमाइंडरं अडकत नाहीत, बाकीची पत्रंही स्पॅममध्ये जाऊ लागतात.

राहिलं 72 तासांचं कूपन. ते ठरल्या वेळी हमखास मिळतं हे दोनदा अनुभवलेला ग्राहक तिसऱ्यांदा मुद्दाम कार्ट भरून थांबतो. हे ओळखायला नोंदी चाळाव्या लागतात: कूपन वापरणाऱ्यांपैकी कितींनी मागची खरेदीही कार्ट सोडून, कूपन घेऊनच केली होती? हे प्रमाण महिन्यागणिक चढत असेल, तर आधी पूर्ण किमतीला घेणारे लोक आता सवलतीला घेतायत, आणि डॅशबोर्ड त्यांनाही 'रिकव्हर्ड' मध्येच मोजतोय.