अडीच तासांत स्लॅब? अर्ध्या बॅगेच्या मिक्सरचा खरा हिशेब

"अर्ध्या बॅगेच्या मिक्सरचा ड्रम पाच घनफुटांचा असतो. वीस फेऱ्यांत शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास काँक्रीट. फेऱ्याला तीन मिनिटं, म्हणजे तासाला एक ब्रास. २० बाय ३० चा पाच इंची स्लॅब अडीच ब्रासचा, अडीच तासांत खल्लास. दिवसभराची मजुरी मागणारा ठेकेदार तुम्हाला लुबाडतोय."

सोलापुरात घर बांधायला काढलेल्या निम्म्या लोकांच्या मोबाईलवर हे फिरतंय. गेल्या महिन्यात जुळे सोलापुरातल्या एका मालकांनी तेच माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "साहेब, बारा वाजता जेवायलाच घरी जाऊ की!" गुणाकार चोख आहे. पण ज्या आकड्यांचा तो केलाय, त्यातला एकही साइटवर टिकत नाही.

ड्रमपासूनच बघू. पाच घनफूट हे कोरड्या मालाचं माप आहे. खडी, वाळू, सिमेंट वेगवेगळं मोजून आत टाकताना जेवढी जागा लागते, तेवढं ते. पाणी पडून ड्रम फिरला की वाळू खडीच्या फटींत बसते, सिमेंट वाळूच्या फटींत बसतं आणि माल आटतो. म्हणून कोरड्या मापाला १.५४ ने भागायचं, की ओला माल निघतो.

आता फेऱ्यात नेमकं काय पडतं ते बघा. एक बॅग ५० किलोची, सुमारे ३५ लिटर आकारमानाची. अर्धी म्हणजे साडेसतरा लिटर. स्लॅबला आपण एम-२० धरतो, म्हणजे एकास दीड वाळू, तीन खडी. एकूण साडेपाच भाग, म्हणजे कोरडा माल ९५ लिटरच्या आसपास. १.५४ ने भागलं की ६२ लिटर. घनफुटांत २.२. पाच नव्हे, त्याच्या निम्मंसुद्धा नाही.

माझ्यावर विश्वास नसेल तर वजनाने ताळा करा. काँक्रीटच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ४५६ च्या तक्त्यात, एम-२० साठी ५० किलो सिमेंटला जास्तीत जास्त २५० किलो वाळू-खडी आणि ३० लिटर पाणी दिलंय. त्याच्या निम्मं केलं तर २५ अधिक १२५ अधिक १५, म्हणजे १६५ किलो. काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो भरतं. म्हणजे ६९ लिटर, २.४ घनफूट. दोन वाटांनी गेलो आणि जवळजवळ एकाच ठिकाणी पोचलो. पुढे मी २.२ धरतो.

इथे कुणी म्हणेल, ड्रममध्ये जागा असेल तर पूर्ण भरू की. एम-२० चा पाच घनफूट कोरडा माल करायला पाऊण बॅग सिमेंट लागतं, आणि साइटवर पाऊण बॅग कोण मोजणार? बॅग मधोमध कापून दोन फेरे करता येतात, म्हणून तर या मिक्सरला अर्ध्या बॅगेचा म्हणतात. अंदाजाने जास्त भरलं की माल तोंडातून सांडतो आणि आतला नीट फिरत नाही. ओतताना बघा. सुरुवातीचा माल आणि शेवटचा माल वेगळा दिसत असेल, खडीच्या दाण्याला कोरडी वाळू चिकटलेली असेल, तर ड्रमवर ओझं जास्त झालंय.

दुसरी गफलत स्लॅबच्या मापात आहे. २० बाय ३०, पाच इंच म्हणजे २५० घनफूट, हे बरोबर. पण त्याच दिवशी बीमही भरायचे असतात. त्या मालकांच्या घराच्या नकाशावर बीमची एकूण लांबी १६० फूट, रुंदी नऊ इंच आणि स्लॅबच्या खाली एक फूट खोली. ते झाले १२० घनफूट. दोन्ही मिळून ३७०, सांडलवंड तीन टक्के धरली की ३८१. भागिले २.२, म्हणजे १७३ फेरे आणि ८७ बॅगा.

तीन मिनिटांचा फेरा हे तर कागदावरचंच. आयएस ४५६ प्रमाणे नुसतं फिरवायलाच निदान दोन मिनिटं द्यायची असतात, आणि तीसुद्धा सगळा माल आत पडल्यावर. त्याआधी घमेल्यांनी भरणं, पाणी मोजून टाकणं, नंतर ओतणं. हाताने भरायच्या मिक्सरला साडेचार मिनिटं सहज जातात, म्हणजे तासाला तेरा फेरे. शिवाय प्रत्येक फेऱ्याचा १६५ किलो माल, सात-आठ घमेली, तेवढ्याच वेळात वर पोचली पाहिजेत. नाही पोचली तर मिक्सर रिकामा उभा.

१७३ फेऱ्यांना तेरा म्हणजे सव्वातेरा तास. जेवण-चहाचा एक तास धरा. सकाळी सातला सुरू केलं तर रात्रीचे सव्वानऊ. त्या मालकांना मी हे दाखवलं तेव्हा त्यांनी ठेकेदाराला शिव्या देणं थांबवलं आणि मला विचारलं, मग करायचं काय?

एकच मिक्सर लावून रात्र करणं हा उपाय नाही, आणि त्याचं कारण मजुरी नाही. स्लॅब २० फुटी बाजूला तीन-तीन फुटांच्या पट्ट्यांत भरला, तर एका पट्टीला ६० चौरस फूट, म्हणजे २५ घनफूट, म्हणजे अकरा-बारा फेरे लागतात. पट्टीच्या सुरुवातीच्या कडेला शेजारचा माल लागेपर्यंत पाऊण-एक तास जातो. ३० फुटी बाजूला भरलं तर सतरा फेरे, सव्वा तासावर. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना उघडी कड एवढा वेळ ओली राहीलच असं नाही. तपासायची सोपी रीत म्हणजे चालू व्हायब्रेटरची सुई जुन्या कडेत सोडायची. आपल्या वजनाने आत गेली आणि काढल्यावर भोक बुजलं तर ठीक. भोक तसंच राहिलं तर तिथे कोल्ड जॉइंट झालाय, म्हणजे नवा माल जुन्याशी एकजीव होत नाही, आणि पावसाळ्यात गळती तिथूनच सुरू होते.

म्हणून दोन मिक्सर आणि दोन टोळ्या लावल्या. काम पावणेसात तासांवर आलं. गडी दुप्पट लागले, पण पट्टीचा वेळ निम्मा झाला. ते जमणार नसेल तर स्लॅब दोन दिवसांत करता येतो. पण जिथे संध्याकाळ झाली तिथे थांबायचं नाही. जोड दोन आधारांमधल्या गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात यावा, हे इंजिनिअरने आधीच नकाशावर आखून द्यायचं.

पाण्याचंही बघून ठेवा. फेऱ्याला १५ लिटर म्हणजे नुसत्या मालाला २६०० लिटर. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा हौद आदल्या रात्री भरलेला हवा. पाणी संपलं की मिक्सर थांबतो आणि कड वाळते.

लुबाडण्याचं म्हणाल, तर रिकाम्या बॅगा मोजा. चाळीस झाल्या की ८० फेरे, १७६ घनफूट माल पडलेला असायला हवा. सगळा ३८१ घनफूट साठ बॅगांतच संपला तर खूश होऊ नका. १:२:४ च्या हलक्या मालालाही अडुसष्ट लागल्या असत्या. आणि मोबाईलवरच्या हिशेबाने तो ७६ फेऱ्यांत, ३८ बॅगांत भागतो. घनमीटरला १७६ किलो सिमेंट. एवढं आपण पायाखाली १:४:८ च्या थरात घालतो.