सुंभ न जाळता पीळ काढायचा तर

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचायला बरा वाटला, पण मुळात पटला नाही. वर्तुळाकार डीएनएत पीळ अडकेल हे मान्य. पण आपल्या पेशींतला डीएनए सरळ आहे, त्याला दोन मोकळी टोकं आहेत. पीळ टोकातून निघून जाईल, किंवा आरएनए पॉलिमरेज स्वतःच डीएनएभोवती फिरेल. मग टोपोआयसोमरेजची इतकी गरज कशाला? आणि गायरेज पीळ 'घालतं' असंही तुम्हीच लिहिता, मग ते ताण कमी कसं करतं?"

माझा लेख टोपोआयसोमरेजवर होता, म्हणजे डीएनए कापून पुन्हा जोडून त्यातला पीळ बदलणाऱ्या एन्झाइमांवर; गायरेज हे त्यातलंच जिवाणूंमधलं एक. टोकांबद्दल तुमचं म्हणणं चूक नाही. टोकातून पीळ खरंच निसटतो, आणि तो किती लांबून निसटू शकतो हेही यीस्टमध्ये तपासलेलं आहे. लेखात मी ते लिहायला हवं होतं. त्यात चित्रंही सगळी वर्तुळाकार डीएनएची दिली, तेव्हा तुमच्या शंकेला निम्मा जबाबदार मीच.

तो प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. तो नीट कळण्यासाठी आधी एक गोष्ट. जनुक वाचून आरएनए बनवणारं आरएनए पॉलिमरेज डीएनएचे दोन पेड थोडेसे उघडून पुढे सरकतं. समजा ते स्वतः फिरत नाही. मग त्याच्या पुढचा डीएनए जास्त आवळला जातो आणि मागचा तेवढाच सैल पडतो. दोन पेडांच्या दोरीत मधेच पेन्सिल खुपसून ती एका बाजूला ढकला, तेच दिसेल. पुढे धन पीळ, मागे ऋण पीळ, आणि दोन्ही अगदी सारखे. म्हणजे बेरीज शून्यच. जुन्या माणसांच्या नजरेतून ही गोष्ट बरीच वर्षं सुटली ती या शून्यामुळेच, असं मला वाटतं. १९८७ मध्ये लिऊ आणि वांग यांनी ती स्पष्ट मांडली.

यीस्टच्या प्रयोगात या बरोबरीचाच फायदा घेतला. पेशीचं स्वतःचं टोपोआयसोमरेज-१ काढून टाकलं. टोपोआयसोमरेज-२ हे तापमान वाढवलं की बंद पडेल, असं केलं. आणि त्यांच्या जागी ई. कोलाय जिवाणूचं टोपोआयसोमरेज-१ आणून बसवलं. या पाहुण्याला फक्त ऋण पीळ सोडवता येतो, धन पिळाला तो हात लावत नाही. आता पॉलिमरेजच्या मागचं ऋण तेवढं पुसलं जातं आणि पुढचं धन साठत राहतं. डीएनए घट्ट आवळला की त्याचे पेड उघडणं जड जातं, त्यामुळे जनुकांचं वाचन सुरूच होईना. जवळपास सगळ्या जनुकांचं हेच झालं.

अपवाद टोकांजवळच्या जनुकांचा. टोकापासून साधारण एक लाख बेस-जोड्यांच्या आतली जनुकं या कोंडीतून सुटली; टोकाच्या जितकी जवळ, तितकी जास्त. यीस्टच्या १६ गुणसूत्रांच्या ३२ टोकांना सगळीकडे हाच प्रकार दिसला. तुमचं मोकळं टोक ते हेच. पण त्याची धाव एक लाखापर्यंत. यीस्टचं सगळ्यात छोटं गुणसूत्र सुमारे २.३ लाख जोड्यांचं आहे, त्याचं यात जवळजवळ भागेल. माणसाचं पहिलं गुणसूत्र मात्र सुमारे २५ कोटी जोड्यांचं. त्याच्या मध्यावरच्या जनुकाला टोक असून नसल्यासारखंच.

यात मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे कोंडी हळूहळू सैल होत जाते, एखाद्या जागी एकदम संपत नाही. मधे कुठे पक्की भिंत असती, तर भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरं असं दिसलं असतं. तसं दिसलं नाही. पीळ कुठे बांधलेला नाही, त्याला निसटायला वेळच पुरत नाही. डीएनए सरळ सळई असता तर तो स्वतःभोवती सहज फिरला असता. पण तो न्यूक्लिओसोम नावाच्या प्रथिनांच्या गोळ्यांवर गुंडाळलेला, वेडावाकडा वळलेला असतो. त्याचं एक टोक फिरवायचं म्हणजे सगळी वळणं गर्दीतून ओढून फिरवायची.

आता पॉलिमरेजच फिरेल या मुद्द्याकडे. त्याच्यामागे वाढत चाललेला आरएनए लोंबत असतो, त्यावर प्रथिनं चढलेली असतात. जिवाणूत तर आरएनए तयार होत असतानाच त्यावर रायबोसोम बसतात. एवढं लटांबर घेऊन डीएनएभोवती गरगरणं अवघड. याचा चांगला पुरावा म्हणजे pBR322 हे ४३६१ जोड्यांचं प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूतलं छोटं वर्तुळाकार डीएनए. त्यावर टेट्रासायक्लिनला दाद न देणारं tetA नावाचं जनुक आहे. त्याचं प्रथिन पेशीपटलात बसतं, आणि तयार होत असतानाच तिकडे शिरतं. म्हणजे पॉलिमरेज, आरएनए, रायबोसोम आणि प्रथिन ही सगळी साखळी पटलाला अडकली. फिरणं संपलं. ज्या ई. कोलायमध्ये टोपोआयसोमरेज-१ नाही, तिथे गायरेज पुढचा धन पीळ पुसत राहतं आणि या प्लाझ्मिडवर ऋण पिळाचा ढीग साचतो. उलट गायरेज औषधाने बंद केलं, तर तेच प्लाझ्मिड धन पिळाचं होतं.

धन की ऋण हे साध्या जेलवर, म्हणजे विजेच्या ओढीने डीएनए जेलमधून पळवून पाहिलं तरी, कळत नाही. दोन्ही प्रकारचे रेणू सारखेच आवळून घेतात आणि सारखेच भरभर धावतात. मी एकदा दोन दिवस एका पट्ट्याला ऋण समजून आकडेमोड करत होतो. मग जेलमध्ये क्लोरोक्विन घातलं. ते जोड्यांमध्ये शिरून डीएनएचे पेड थोडे उकलतं, त्यामुळे ऋण पिळाचे रेणू सैल होऊन मागे रेंगाळतात आणि धन पिळाचे आणखी आवळतात. माझा पट्टा मागे यायच्या ऐवजी पुढे गेला. दोन दिवसांचा हिशेब उलट्या चिन्हाने पुन्हा लिहिला.

राहिलं गायरेज. ई. कोलायमध्ये डीएनएची नक्कल होताना पेड जिथे विलग होतात तो रेप्लिकेशनचा फाटा सेकंदाला सुमारे १००० जोड्या उघडत जातो. एका वेढ्यात साधारण साडेदहा जोड्या असतात, म्हणजे पुढे दर सेकंदाला ९५ धन वेढे साठतात. गायरेज डीएनएचा एक तुकडा स्वतःभोवती गुंडाळून घेतं, त्याचे दोन्ही पेड कापतं, दुसरा तुकडा त्या फटीतून पलीकडे काढतं आणि काप पुन्हा जोडतं. सुंभ न जाळता पीळ काढायची युक्ती ती हीच. अशा एका फेरीत हिशेबातून दोन वजा होतात, आणि वजाच होतात; पेशीतलं एटीपी हे इंधन मिळत असेपर्यंत त्याला दुसरी दिशा नाही. खात्यात अधिक दोन असतील तर शून्य उरेल, शून्य असेल तर उणे दोन. म्हणजे ताण असलेल्या जागी हेच काम ताण काढण्याचं, आणि शांत डीएनएवर तेच पीळ घालण्याचं. दर सेकंदाला ९५ म्हणजे जवळपास ४८ फेऱ्या, आणि एक गायरेज सेकंदाला एखाद-दुसरीच फेरी करतं. म्हणून फाट्यापुढे एक गायरेज पुरत नाही, बरीच लागतात.

लेखातलं "गायरेज ताण घालवतं" हे वाक्य मी बदललं आहे. आता तिथे "गायरेज दर फेरीला दोन वेढे वजा करतं" असं लिहिलं आहे, आणि खाली यीस्टच्या टोकांचा परिच्छेद जोडला आहे.