नुसता ‘हाय’ कसा पाठवावा

ऑफिसच्या चॅटवर कुणाकडे काही काम असेल, तर आधी फक्त ‘हाय’ टाका आणि हात आवरा. काम काय आहे हे लगेच सांगणं असंस्कृतपणाचं. समोरच्यानं आधी हातातलं सोडावं, तुमची खिडकी उघडावी, ‘हाय, बोला’ म्हणावं आणि मग तुम्ही तीन मिनिटं टाइप करत असल्याचे ते नाचणारे ठिपके बघत बसावं. आपलं काम दोन मिनिटांचं आहे की दोन तासांचं, हे कळायच्या आत त्यानं ‘बोला’ म्हणून वेळ देऊन टाकलेला असतो. खरी मजा तिथेच आहे.

परदेशातल्या सहकाऱ्याशी बोलताना तर हा शिष्टाचार मुळीच सोडू नका. समजा, जूनमधला सोमवार आहे. मे महिन्याच्या बिलांच्या अहवालात कराचा रकाना रिकामा येतोय आणि त्यातलं कळणारा माणूस न्यू जर्सीत बसतो. तुम्ही पुण्यातून सकाळी ११ वाजता ‘हाय’ टाका. तिकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. तो त्याच्या सकाळी ९ वाजता ‘हाय, बोला’ लिहील, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतील आणि तुम्ही हिंजवडीच्या गर्दीत अडकलेले असाल. मंगळवारी सकाळी विचारा, ‘कसे आहात?’ संध्याकाळी उत्तर येईल, ‘मजेत. बोला.’ बुधवारी सकाळी मूळ प्रश्न विचारा. उत्तर बुधवारी रात्री येईल, तुम्ही ते गुरुवारी सकाळी वाचाल. गुरुवारी दुपारी तर अहवाल ग्राहकाला द्यायचा होता. बघा, दिवस कसे भराभर गेले!

काही उतावळी माणसं मात्र सोमवारी ११ वाजताच असं काहीतरी लिहून मोकळी होतात:

‘हाय. मेच्या बिलांच्या अहवालात कराचा रकाना रिकामा येतोय. एप्रिलचा त्याच पद्धतीनं काढला तर बरोबर येतो. १ मेला कर-दरांचं टेबल बदललं होतं का? दोन्ही फाइली जोडल्यात. अहवाल गुरुवारी दुपारी द्यायचाय, तेव्हा बुधवारपर्यंत सांगितलंत तरी चालेल.’

यात नमस्कार आहे, अडचण आहे, काय करून पाहिलं ते आहे, नेमका प्रश्न आहे आणि घाई किती आहे तेही आहे. समोरचा माणूस उठून चहा घेता घेता याचं उत्तर देऊन टाकेल आणि मंगळवारी सकाळी तुम्हाला ते आयतं मिळेल. मग उरलेला आठवडा तुम्ही करणार काय?

त्याहून वाईट म्हणजे, मोबाइलच्या पडद्यावर संदेशाचे जे पहिले चार-सहा शब्द दिसतात, त्यातच त्याला विषय कळतो. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या तो ठरवू शकतो की हे आत्ता बघायचं की जेवणानंतर. नुसत्या ‘हाय’मध्ये अशी पळवाट नसते. आणि चुकून एकदम लिहायची वेळ आलीच, तर निदान प्रत्येक अर्ध्या वाक्यानंतर एंटर दाबा. ‘हाय’, टिंग. ‘तो अहवाल’, टिंग. ‘म्हणजे मेचा’, टिंग. शिफ्ट धरून एंटर दाबलं की संदेश न जाता नुसती नवी ओळ येते, हे गुपित कुणाला सांगू नका.

तुम्ही साहेब असाल तर तुमच्या ‘हाय’ला वेगळंच वजन. शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला कनिष्ठाला लिहा, ‘हाय. जरा बोलायचं होतं.’ आणि लॅपटॉप बंद करा. तो बिचारा शनिवार-रविवार आपली गेल्या तिमाहीतली सगळी पापं आठवून काढेल. ‘सोमवारच्या डेमोत आधी कुणी बोलायचं ते ठरवूया, काळजीचं काही नाही’ एवढं जोडलं असतं तर त्याला झोप लागली असती. पण मग तुमचा वचक काय राहिला? विषय नाजूक असेल, चॅटवर लिहिण्यासारखा नसेल, तरी ‘रजेबद्दल बोलायचंय, आज चारनंतर दहा मिनिटं फोन करू का?’ असं लिहिता येतं. अर्थात, ते साहेबांना शोभत नाही.

(वडीलधाऱ्यांशी एकदम कामाचं बोलू नये, ही आपली शिकवण चांगलीच आहे. पण ती समोरासमोर बसलेल्या माणसांसाठी होती. चॅटवर ‘नमस्कार मॅडम’ आणि काम एकाच संदेशात आलं म्हणून नाराज झालेल्या मॅडम मला अजून भेटलेल्या नाहीत.)

आता समजा, समोरच्यानं खरंच लगेच उत्तर दिलं. हातातलं काम टाकून, ‘हाय, बोला ना’ असं. गडबडून जाऊ नका. पंधरा मिनिटं जाऊ द्या आणि शांतपणे लिहा, ‘काही नाही, झालं काम.’