वसतिगृहाचे वायफाय, 429 आणि फोन रीसेट करण्याचा सल्ला

“वायफायवर Too Many Requests आले तर समजा फोन हॅक झालाय किंवा कॉलेजने ब्लॉक केलाय. लगेच फॅक्टरी रीसेट मारा, पेज रिफ्रेश करत राहा, नाहीतर फ्री व्हीपीएन टाका. सगळ्या ग्रुपवर पाठवा!”

सोलापुरात अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाचीने हे वाचून खरोखरच फोन पुसला. त्यात प्रॅक्टिकलचे फोटो गेले आणि अडचण होती तिथेच राहिली. राहणारच होती, कारण Too Many Requests म्हणजेच 429 हा सर्व्हरचा संकेत आहे: ठरल्यापेक्षा जास्त विनंत्या आल्या, आणि लॉगिन नसेल तर त्या बहुधा पत्त्यावरून मोजल्या जातात. राउटर वसतिगृहातल्या प्रत्येक फोनला आतल्या आत 192.168 किंवा 10 ने सुरू होणारा वेगळा पत्ता देतो, पण बाहेर पडताना बहुधा सगळ्यांचा सार्वजनिक आयपी पत्ता एकच असतो. फोन पुसून तो पत्ता बदलत नाही.

प्रोग्रामचा कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाचेच उदाहरण घ्या. त्याच्या एपीआयवर, म्हणजे प्रोग्रामने थेट माहिती मागवण्याच्या सोयीवर, लॉगिन न करता एका आयपी पत्त्याला तासाला 60 विनंत्यांची मुभा आहे. चाळीस जणांनी प्रत्येकी दोनच विनंत्या केल्या, तरी तिसाव्या मुलापाशी कोटा संपतो आणि उरलेले दहा जण काहीही न करता अडकतात. खात्री करायची असेल, तर पुढील आज्ञा आधी वायफायवर आणि मग मोबाइल डेटावर चालवावी. ही तपासणी कोट्यात मोजली जात नाही.

```
curl https://api.github.com/rate_limit
```

core खालचा remaining, म्हणजे उरलेल्या विनंत्यांचा आकडा, वायफायवर 0 आणि डेटावर त्याहून जास्त दिसला, तर दोष फोनचा नाही. स्वतःच्या खात्याचे टोकन जोडल्यास मोजणी पत्त्यावरून न होता खात्यावरून होते आणि मर्यादा तासाला 5000 वर जाते. खरा उपाय हाच आहे.

रिफ्रेशच्या सल्ल्याबद्दल काय बोलावे! 429 हा संकेत 2012 च्या आरएफसी 6585 या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात नोंदवलेला आहे आणि किती वेळ थांबायचे, हे सर्व्हर Retry-After मधून सांगू शकतो, असेही तिथे लिहिले आहे. मर्यादा संपल्यावरही विनंत्या धाडत राहिल्यास बंदी येऊ शकते, असे गिटहब स्वतः बजावते, आणि एकाच्या उतावीळपणाचा भुर्दंड पत्ता सामायिक असल्यामुळे सगळ्या मजल्याला बसू शकतो.

व्हीपीएनने पत्ता बदलतो, एवढे मान्य करावे लागेल. पण फुकट व्हीपीएनच्या एका पत्त्यामागे वसतिगृहापेक्षाही जास्त माणसे असू शकतात. कॉलेजही काही संकेतस्थळे अडवते, हेही खरे आहे, मात्र तेव्हा सहसा फायरवॉलचे स्वतःचे पान दिसते किंवा जोडणीच होत नाही.

लॉगिनची सोयच नसेल, तर प्रयोगशाळेतल्या शिक्षकांनी लागणारी फाइल एकदाच उतरवून आतल्या सर्व्हरवर ठेवावी. वायफाय सांभाळणाऱ्यांनी प्रत्येक इमारतीला वेगळा सार्वजनिक पत्ता मिळतो का, हे इंटरनेट पुरवठादाराला विचारावे.