गेलेलं पाणी आणि वटलेला चेक

सोसायटीत कुणी आयटीत आहे असं कळलं की आधी त्याच्याकडे प्रिंटर येतो, मग कुणाच्या तरी टीव्हीचा रिमोट, आणि शेवटी पाण्याची टाकी. घोडबंदर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझा प्रवास दोन वर्षांत टाकीपर्यंत पोचला. गच्चीवरच्या टाकीत मी बॅटरीवर चालणारा सेन्सर बसवला. तो दर मिनिटाला पाण्याची पातळी मोजतो आणि वॉचमनच्या केबिनमधल्या राउटरवरून बाहेरच्या सर्व्हरला पाठवतो. नेट नसलं तर मोजलेलं स्वतःजवळ साठवतो आणि नेट आलं की एकदम पाठवून देतो. या साठवण्याचं मला फार कौतुक होतं.

एप्रिल संपता संपता सेक्रेटरीकाका म्हणाले, "टाकी २० टक्क्यांच्या खाली सलग १० मिनिटं राहिली की मला आणि वॉचमनला मेसेज यायला पाहिजे. एवढं लावून टाक."

मी म्हटलं, "आधी जुन्या डेटावर चालवून बघतो. डिसेंबरपासून हा नियम असता तर कधी कधी वाजला असता, ते कळेल."

"म्हणजे मेलेल्या माणसाची पत्रिका बघणार," काका म्हणाले. पण परवानगी दिली.

डिसेंबर ते एप्रिल म्हणजे १५१ दिवस, दर मिनिटाला एक याप्रमाणे २ लाख १७ हजारांवर नोंदी. त्या नियमातून पळवायला लॅपटॉपला चहा गाळण्याइतकाही वेळ लागत नाही. घोडं अडतं ते दुसरीकडे. नियम वाजला हे कळतं, पण तो वाजायला हवा होता का, हे कोण सांगणार? त्यासाठी पाणी खरंच कधी गेलं होतं याची यादी लागते, आणि तशी वही आमच्याकडे कुणी ठेवलेली नाही. होता तो सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. पाच महिन्यांचे मेसेज काढून त्यात 'पाणी' शोधलं, तर चारशेच्या वर निघाले. त्यातले निम्मे हळदीकुंकवाच्या पाणीपुरीवर होते. उरलेले मी एकेक करून वाचले. एका शनिवारी वाचता वाचता पाचव्या मजल्यावरच्या वहिनींचं आणि सहाव्या मजल्यावरच्या काकूंचं नेमकं कशावरून बिनसलं, तेही कळलं. शेवटी १४ प्रसंग उरले. त्यातल्या दोन वेळा वहिनींच्याच नळाची जाळी तुंबली होती आणि एकदा टाकी धुवायला आम्हीच रिकामी केली होती. ते वगळून ११ खरे. कसोटी अशी ठरवली की ग्रुपवरच्या पहिल्या तक्रारीआधीच्या दोन तासांत अलर्ट वाजला तर पकडला, नाहीतर हुकला.

पहिल्या फेरीत ११ पैकी शून्य.

मी तक्ता काकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवला, बोटाने ओळी जुळवल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हुकला कसला? हा बघ. तक्रार सकाळी सात पाचला, तुझा मेसेज मध्यरात्री सव्वा वाजता. सगळीकडे तसंच आहे. याला साडेपाच तासांच्याही आधी कळतंय!"

साडेपाच तास म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. सर्व्हर वेळ ठेवतो यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत आणि आमच्या वहिनी चिडतात भारतीय वेळेनुसार, म्हणजे साडेपाच तास पुढे. दोन्ही वेळा एका घड्याळावर आणल्या तेव्हा ११ पैकी ११ पकडले गेले. काका मात्र हिरमुसले.

आता खोट्या अलर्टची पाळी. ते निघाले ४६. सकाळी आंघोळीच्या गर्दीत टाकी १७-१८ टक्क्यांवर येते, पंप चालू होतो आणि कुणाला काही न कळता ती पुन्हा भरते. २० टक्क्यांचा उंबरठा खाली आणायलाच हवा होता. इथे मोह असा होतो की पाचही महिने समोर ठेवायचे आणि उत्तर सुरेख येईपर्यंत आकडा सरकवत राहायचं. पेपर आधी वाचून दिलेल्या परीक्षेत मी कॉलेजातही पास झालो होतो, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीवरच आकडा बसवला. १२ टक्के आला. मग मार्च-एप्रिलला तोच आकडा लावला, त्यांना तोवर हात लावला नव्हता. तिथेही चारच्या चार प्रसंग पकडले. पाच महिन्यांत खोटे अलर्ट अवघे तीन. मी मीटिंग बोलावली. मिटिंगला लोक यावेत म्हणून बटाटेवडेही मागवले.

बँकेतून ऑडिटर म्हणून निवृत्त झालेल्या चौथ्या मजल्यावरच्या आजी वडा बाजूला ठेवून तक्ता वाचत होत्या. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"ही एप्रिलमधली ओळ," त्या म्हणाल्या. "मेसेज सकाळी सव्वासातला आला असता म्हणतोस. त्या दिवशी सहा दहाला लाइट गेली ती पावणेदहापर्यंत नव्हती. मी डायरीत लिहिलंय. मग केबिनमधलं तुझं ते वाय-फाय चालू होतं?"

"नव्हतं. पण आजी, सेन्सर नोंदी साठवून ठेवतो. लाइट आल्यावर सगळ्या आल्या. एकही हरवली नाही."

"कधी आल्या?"

"नऊ पन्नासच्या पुढे."

"म्हणजे तू चेकवरची तारीख धरलीस," आजी म्हणाल्या. "वटला कधी ते बघ."

मी वडा हातात धरून तसाच उभा राहिलो. प्रत्येक नोंदीला दोन वेळा असतात, मोजल्याची आणि पोचल्याची. माझी फेरी मोजल्याच्या क्रमाने चालली होती. म्हणजे जी नोंद त्या घटकेला सर्व्हरपर्यंत पोचलीच नव्हती, ती वाचून माझा नियम वाजत होता. लाइट जाते, पंप बसतो, टाकी आटते, आणि त्याच लाइटवर राउटरही चालतो. पाणी हमखास जायचं तेव्हाच आमची बातमी अडकायची. आणि नंतर नोंदी येऊन बसल्या की आलेखात साधी फटही दिसत नव्हती. ज्या साठवणुकीचं मला कौतुक, तिनेच पुरावा पुसला होता.

रात्री घरी येऊन क्रम लावणारी शेवटची ओळ बदलली. आधी तिथे नुसतं `ts`, म्हणजे मोजल्याची वेळ, होतं.

```sql
SELECT ts, received_at, level
FROM readings
ORDER BY received_at, ts;
```

नियमाचं घड्याळही `received_at` वर, पोचल्याच्या वेळेवर, चालवलं. म्हणजे फेरीत नऊ पन्नास वाजले असतील, तर नऊ पन्नासपर्यंत पोचलेलं तेवढंच त्याला दिसेल. आता ११ पैकी सातच पकडले. हुकलेले चारही लाइट गेल्याच्या दिवसांचे. एप्रिलच्या त्या सकाळचा अलर्ट सव्वासातऐवजी नऊ बावन्नला, म्हणजे टँकर गेटमधून आत येताना वाजला असता.

उपाय सोपा होता. सर्व्हर बाहेर आहे, त्याची लाइट आमच्याबरोबर जात नाही. १० मिनिटं एकही नोंद आली नाही तर त्याने ओरडायचं, असा दुसरा नियम जोडला. पुन्हा पाच महिने पळवले. अकराच्या अकरा परत हाती लागले, आणि सोबत ५८ नवे खोटे अलर्ट. ते मात्र जवळजवळ सगळे फेब्रुवारीच्या मध्यापासूनचे, आणि दुपारी दीड ते अडीचच्या दरम्यानचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेदोनला मी केबिनमध्ये गेलो. वॉचमनमामा डबा खात होते. केबिनमध्ये प्लग एकच. त्याच्यात मामांचा मोबाइल चार्जिंगला, आणि राउटरची वायर निपचित खाली लोंबत होती.

"साहेब, जेवणापुरतं काढतो फक्त," मामा म्हणाले. "तेवढ्यात कोण नेट बघतंय?"

संध्याकाळी स्टेशनजवळून चार पॉइंटचा एक्स्टेंशन बोर्ड आणला. खर्चाच्या व्हाउचरवर आजींनी सही करण्याआधी तारीख दोनदा तपासली. दोन्ही नियम त्याच रात्री चालू केले आणि काकांना आकड्यांसकट सगळं सांगितलं. १२ टक्क्यांना साधारण अर्धा-पाऊण तास आधी कळेल, आणि लाइट गेली तर दहा मिनिटांत.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग जवळ सरकून हळूच म्हणाले, "ते सगळं ठीक आहे रे. पण ते साडेपाच तास आधीवालं होतं ना, ते परत लावता येईल का?"